भाज्याच्या टाक्यावरची बावीस अक्षरं

मुलांनी भाज्याच्या लेण्यांतून आणलेला फोटो मोबाइलवर पाहिला तेव्हा काळसर खडकावर फिकट रेघा, एकदोन गोल आणि अधिकच्या चिन्हासारखं काहीतरी, एवढंच दिसत होतं. "बाई, ही जुनी भाषा आहे की कुणीतरी मुद्दाम कोरून ठेवलंय?" असा आठवीतल्या एका मुलीचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. लेण्यांच्या भिंतींवर अलीकडच्या लोकांची नावं, बाण आणि बदामही कोरलेले असतात, आणि वाईट फोटोत सगळं सारखंच दिसतं.

मी मुलांना आधी अक्षरांबद्दल काही विचारलं नाही. हे नेमकं कुठे होतं, ते विचारलं. चैत्यगृहात, खोलीच्या दारावर, की बाहेर? शेजारी काय होतं? एकाला पक्कं आठवत होतं: खाली पाण्याचं टाकं होतं, तोंड खडकातच कोरलेलं, आणि ही अक्षरं त्याच्याजवळच्या भिंतीवर होती. ही माहिती वहीत सगळ्यांत वर लिहून घेतली. पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांमधले बहुतेक छोटे लेख दानाचे असतात. कुणी, काय दिलं, एवढंच त्यात असतं, आणि दिलेली वस्तू बहुधा लेखाच्या आसपासच असते. खांबावरचा लेख खांबाबद्दल बोलतो, खोलीच्या दाराजवळचा खोलीबद्दल. त्यामुळे फोटो काढताना जागेचा एक दुरून फोटो घेणं हे जवळून घेतलेल्या दहा फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतं. बहुतेक मुलं नेमका तोच काढत नाहीत.

पहिल्या फोटोचा दोष साधा होता. फ्लॅश कॅमेऱ्याच्या शेजारीच असतो, म्हणून उजेड भिंतीवर समोरून पडतो आणि कोरलेल्या खाचेत सावलीच उरत नाही. कोरीव अक्षर डोळ्याला दिसतं ते सावलीमुळे; रंगाचा त्यात काही संबंध नसतो. सावली गेली की उरतात फक्त डाग. त्यात हा फोटो व्हॉट्सॲपवरून दोन-तीन मोबाइल फिरून आला होता, आणि दर वेळी त्याचा आकार कमी होत बारीक रेघा पुसट होत गेल्या होत्या. मूळ फाइल ज्या फोनवर होती तिथून ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितली. तेवढ्यानेच काही अक्षरांच्या कडा स्पष्ट झाल्या. पण वाचनासाठी नवे फोटो हवेच होते.

मुलं पुन्हा गेली ती सकाळी. भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपारनंतर ऊन थेट आत येतं आणि टॉर्चचा उजेड त्यात हरवतो. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो, त्यामुळे टॉर्चचा उजेड एकटाच काम करतो आणि सावल्या नीट पडतात. एका फोनने फोटो काढायचा आणि दुसऱ्या फोनच्या टॉर्चने उजेड द्यायचा. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरायचा, म्हणजे उजेड भिंतीवरून घासत जाईल. भिंतीशी दहा-पंधरा अंशांचा कोन पुरे. फोटो काढणारा फोन मात्र हलता कामा नये आणि तो भिंतीच्या बरोबर समोर हवा, तिरका नको. तिरक्या फोटोत गोल लंबगोल होतात आणि उभी दांडी कलते. संरक्षित स्मारकात तिपाई वापरायची तर परवानगी काढावी लागते, म्हणून मुलांनी फोन दप्तरांच्या चळतीवर टेकवला आणि टायमर लावला, कारण बटण दाबतानाही फोन हलतो. लेखाच्या खाली, भिंतीला न टेकवता, एकाने पंधरा सेंटिमीटरची पट्टी हवेत धरली. पट्टी फोटोत असली की नंतर सगळे फोटो एकाच मापात छापता येतात.

भिंतीला हात लावायचा नाही, हे मी निघण्यापूर्वीच बजावलं होतं. खडू भरून अक्षरं ठळक करणं, ओलं फडकं फिरवणं, तेल लावणं, कागद ठेवून पेन्सिल घासणं, यांतलं काहीही नाही. खडूची पूड खाचेत बसते आणि पुढच्या पावसात सगळी निघून जात नाही. शिवाय ज्याने खडू भरला त्याने आपल्याला जे वाटलं ते भरलेलं असतं. पुढचा माणूस मग दगड न वाचता खडू वाचतो. कायद्यानेही ते चालत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

उजेड कोणत्या बाजूने द्यायचा, यावर या सगळ्या कामाचा अर्धा निकाल लागतो. मुलांना वाटत होतं, एक चांगला फोटो आला की झालं. पण घासून जाणाऱ्या उजेडाचा एक नियम आहे: उजेडाला आडवी जाणारी खाच ठळक दिसते आणि उजेडाच्या दिशेनेच जाणारी खाच जवळजवळ नाहीशी होते. टॉर्च डावीकडून धरला तर उभ्या दांड्या सुरेख दिसतात, पण आडव्या रेघा जातात. असे जुने लेख ब्राह्मी या प्राचीन लिपीत असतात, आणि तिथे हे फार महागात पडतं, कारण तिच्या बऱ्याचशा स्वरखुणा म्हणजे अक्षराच्या डोक्यापाशी काढलेल्या छोट्या आडव्या रेघा. उजवीकडे रेघ असली की 'आ', डावीकडे असली की 'ए', दोन्हीकडे असली की 'ओ'. त्या दिसल्या नाहीत तर 'हा' चा 'ह' होतो, 'दे' चा 'द', 'पो' चा 'प'. लेख वाचल्यासारखा वाटतो, आणि वाचलेलं अर्धं चूक असतं. म्हणून फोन जागचा न हलवता चार फोटो घ्यायचे: उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून.

खालून उजेड दिलेला फोटो पाहून एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्यात तर अक्षरं वर आलीत. कोरलेली नाहीत, चिकटवलेली वाटतात." ते खरंच तसं दिसतं. उजेड वरून येतो याची डोळ्याला सवय असते, म्हणून खालून उजेड आला की खाच उंचवट्यासारखी भासते. त्या फोटोला वाईट म्हणून टाकून द्यायचं नाही. तो उलटा धरून पाहिला की खाच पुन्हा खाच दिसते. अक्षरं तेवढी उलटी दिसतील, म्हणून तो वाचायला नको, रेघा तपासायला वापरायचा.

चारही फोटो रंग काढून कृष्णधवल केले, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला आणि पट्टीच्या मापाने एकाच आकारात कागदावर छापले. कॉन्ट्रास्ट फार वाढवला तर दगडाचा खरखरीतपणाही रेघांसारखा दिसू लागतो, तेव्हा हात आखडता ठेवलेला बरा. मग दोन गट केले. प्रत्येक गटाने बटरपेपर ठेवून वेगळं रेखाटन करायचं, दुसऱ्याचं बघायचं नाही. जी रेघ निदान दोन वेगवेगळ्या उजेडांत दिसते ती सलग काढायची आणि जी एकातच दिसते ती तुटक. आडव्या स्वरखुणांना हे थोडं अन्यायाचं होतं, पण त्या वरून आणि खालून अशा दोन्ही उजेडांत दिसतात, त्यामुळे नियम चालून गेला.

इथे दगडाची ओळख असावी लागते. सह्याद्रीचा खडक म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली भोकं असतात. काही रिकामी, काही पांढऱ्या खनिजाने भरलेली. फोटोत असं भोक हुबेहूब ठिपक्यासारखं दिसतं. पाणी झिरपल्याचे पांढरे ओघळ उभ्या रेघांची नक्कल करतात. भिंत सपाट करताना पडलेले छिन्नीचे घाव तिरके, एकमेकांना समांतर असतात आणि अक्षरांच्या आरपार जातात. ओळखायची युक्ती अशी: उजेडाची बाजू बदलली की खऱ्या खाचेची सावलीही एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते. ओघळ आणि डाग चारही फोटोंत जसेच्या तसे राहतात. तडा जातो तो वेडावाकडा, कमी-जास्त रुंदीचा. छिन्नीने कोरलेली रेघ रुंदीला बरीचशी सारखी असते आणि तिला सुरुवात-शेवट असतो.

दोन्ही रेखाटनं शेजारी ठेवली तेव्हा अक्षरं बावीस भरली. एका गटाने तेवीस मोजली होती, कारण त्यांनी एक जोडाक्षर फोडून दोन केलं होतं. त्याच्याकडे पुढे येते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नव्हती. या काळच्या लेखांत ती सहसा नसतेच. म्हणून शब्द कुठे तुटतो हे अक्षरांवरूनच काढावं लागणार होतं.

मुलांच्या हाती ब्राह्मीचा तक्ता दिला की ती पहिल्या अक्षरापासून एकेक अक्षर शोधत बसतात आणि चौथ्या-पाचव्याला अडकतात. उलटं केलेलं बरं. आधी सारखी अक्षरं शोधायची. प्रत्येक आकाराला एक क्रमांक द्यायचा आणि तो आकार पुन्हा कुठे येतो ते बघायचं. फळ्यावर एक ते बावीस अशा चौकटी आखल्या आणि मुलांनी त्या भरल्या. एक आकार चार वेळा आला: पाचव्या, सातव्या, अकराव्या आणि सोळाव्या जागी. त्यातल्या सातव्याच्या डोक्यावर वर जाणारी एक छोटी वळणदार खूण होती. बाकी तीन मोकळे. त्याच्याशिवाय दोनदा आलेला एक आकार होता, उलट्या इंग्रजी वायसारखा, दहाव्या आणि पंधराव्या जागी. म्हणजे 'दहावं-अकरावं' आणि 'पंधरावं-सोळावं' ही जोडी एकच होती.

ब्राह्मी लिपीचा उलगडा करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली नेमकं असंच केलं होतं. सांचीच्या कठड्यावर आणि फरशांवर त्याला कितीतरी छोटे लेख मिळाले आणि त्यांतले बहुतेक त्याच दोन अक्षरांनी आणि एका ठिपक्याने संपत होते. देवळाला वस्तू देणारे लोक 'अमक्याचं दान' असं लिहितात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून शेवटची अक्षरं 'दानं' असणार आणि त्याआधी येणारं अक्षर 'अमक्याचं' मधला षष्ठीचा 'स' असणार, असा त्याने तर्क केला, आणि तो खरा ठरला. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच शेवटी 'दानं' शोधलं. ते नव्हतं. शेवटी ठिपकाही नव्हता, आणि 'न' म्हणजे उलटा इंग्रजी टी, तोही कुठे नव्हता. पण 'स' चा तर्क मात्र लागू पडत होता. चार वेळा आलेला आकार 'स' मानला आणि त्यातले तीन मोकळे धरले तर लेखाचे चार तुकडे पडत होते: पाच अक्षरांचा पहिला, सहा अक्षरांचा दुसरा, पाच अक्षरांचा तिसरा, आणि शेवटी 'स' नसलेली सहा अक्षरं. अमक्याचं, तमक्याचं, ढमक्याचं, आणि मग वस्तू. एकही नाव वाचलेलं नसताना लेखाचा सांगाडा हाती आला होता.

आता शेपटापासून वाचायचं ठरवलं, कारण तिथे ठरलेले शब्द असतात. नावं कशीही असू शकतात. ठरलेले शब्द मोजकेच. शेवटचं अक्षर मुलांनीच ओळखलं. "बाई, हा तर आपला 'ढ' आहे!" ते बरोबर होतं. ब्राह्मीतून देवनागरीपर्यंत येताना जवळजवळ सगळी अक्षरं ओळखू न येण्याइतकी बदलली, पण 'ढ' मात्र दोन हजार वर्षं बहुतांशी तसाच राहिला. त्याच्या डोक्यावर इकाराची खूण होती, म्हणून 'ढि'. त्याआधीचं अक्षर म्हणजे डावी बाजू उंच असलेली एक वाटी: 'प'. डावीकडून उजेड दिलेल्या फोटोत ते नुसतं 'प' दिसत होतं. वरून उजेड दिलेल्या फोटोत डोक्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा निघाल्या, म्हणजे 'पो'. पोढि.

पोढि म्हणजे पाण्याचं टाकं. कान्हेरीसारख्या इतर लेण्यांतल्या टाक्यांच्या लेखांतही हाच शब्द येतो. वहीत वर लिहून ठेवलेली ओळ, 'खाली पाण्याचं टाकं', आता उपयोगी पडली. वाचलेला शब्द आणि समोरची वस्तू जुळली की वाचन योग्य वाटेवर आहे असं म्हणता येतं. जुळली नसती तर पुन्हा रेखाटनाकडे जावं लागलं असतं.

त्याआधीची चार अक्षरं: पहिल्याच्या डोक्याला डावीकडे रेघ, दुसरं नांगरासारखं तीन टोकांचं, तिसरं सरळ दांडीने बंद केलेलं अर्धवर्तुळ, चौथं म्हणजे गोलावर उघडं तोंड. दे, य, ध, म. 'देयधम' हा दानलेखांतला दुसरा ठरलेला शब्द. संस्कृतात देयधर्म, म्हणजे धर्म म्हणून दिलेलं दान. इथे मुलांना एक गोष्ट समजावून सांगावी लागली, कारण ती पुढे सगळीकडे लागते. हे लेख प्राकृतात आहेत आणि प्राकृतात 'धर्म' चा 'धम्म' होतो. पण लिहिणारे दुहेरी व्यंजन एकदाच लिहितात. म्हणून धम्म असेल तिथे 'धम', पुत्त असेल तिथे 'पुत', दत्त असेल तिथे 'दत', आणि षष्ठीचा 'स्स' असेल तिथे नुसता 'स'. दगडावर अक्षर कमी पडलेलं नाही. तशीच पद्धत होती.

हे कळल्यावर दोनदा आलेल्या त्या जोडीचा उलगडा झाला. उलटा वाय म्हणजे 'त', म्हणून जोडी 'तस'. दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी 'त-स' आणि त्याआधी एक वाटी, तळाशी खाली उतरणारी छोटी रेघ असलेली. वाटी म्हणजे 'प', तळाची रेघ म्हणजे उकार: 'पुतस', पुत्राचा. तिसऱ्या तुकड्यात 'दतस', म्हणजे '-दत्त' ने संपणारं नाव. आता क्रमही अर्थपूर्ण झाला: आधी एक पदवी किंवा ओळख, मग कुणाचा मुलगा, मग स्वतःचं नाव.

दुसऱ्या तुकड्यातलं पहिलं अक्षर वरच्या टोकाला आडवी रेघ असलेलं अधिकचं चिन्ह होतं. एका गटाने त्याला तक्त्यात नसलेलं वेगळंच अक्षर ठरवलं होतं. अधिक म्हणजे 'क', आणि आडवी रेघ म्हणजे दोन्हीकडच्या स्वरखुणा मिळून झालेला ओकार: 'को'. मग 'सि', मग पुन्हा अधिक, वर इकाराची खूण असलेलं. कोसिकिपुतस, कोसिकीच्या मुलाचा. मुलांनी विचारलं, वडलांचं नाव का नाही? त्या काळातल्या वरच्या घराण्यांत आईच्या गोत्राच्या नावावरून ओळख सांगायची पद्धत होती. गोतमीपुत सातकणी आणि वासिठीपुत पुळुमावी ही राजांची नावं तशीच आहेत. कोसिकी म्हणजे कौशिक गोत्रातली. त्या बाईंचं स्वतःचं नाव यातून कळत नाही, हे मुलांना सांगायलाच हवं. नाहीतर आईचं नाव कोसिकी होतं असं ती लिहून मोकळी होतात.

पहिल्या तुकड्यात म, हा, र आणि मग तो गोल. 'हा' ओळखताना प, ह आणि स यांत गल्लत होते, कारण तिघांचं अंग वाटीचंच. निव्वळ वाटी असेल तर 'प'; उजव्या अंगाला बाहेर जाणारी रेघ असेल तर 'ह'; डाव्या अंगाला शेपटी असेल तर 'स'. एकदा हे ध्यानात आलं की चुका थांबतात. 'र' म्हणजे एक उभी दांडी, आणि ओघळाला 'र' समजणं किंवा 'र' ला ओघळ समजणं दोन्ही सहज होतं. इथे सावलीची बाजू बदलत होती, म्हणून तो 'र' च.

गोल मात्र अडला. ब्राह्मीत रिकामा गोल म्हणजे 'ठ' आणि मध्ये ठिपका असलेला गोल म्हणजे 'थ'. आमच्या एका फोटोत मध्ये ठिपका होता, दुसऱ्यात जवळजवळ नव्हता. बेसाल्टचं भोकही असंच दिसतं. पुढे अर्थावरून ठरवावं म्हटलं तर दोन्ही चालतात: नाणेघाटात राजघराण्यातल्या मंडळींच्या पुतळ्यांच्या वर नावं कोरली आहेत, त्यांत 'महारठि' असा शब्द आहे, म्हणजे 'ठ' अशक्य नाही. अशा वेळी जे हवंसं वाटतं ते लिहू नये. मुलांनी चारही फोटोंतला तेवढाच गोल मोठा करून शेजारीशेजारी ठेवला. ठिपक्याची सावली उजेडाबरोबर बाजू बदलत होती, पण खोल भोकातही तसंच होतं. तेवढ्याने भागणार नव्हतं. दुसरी खूण जास्त कामाची निघाली. आजूबाजूच्या खडकावरची भोकं वेड्यावाकड्या कडांची होती आणि कुठेही पडलेली होती. हा ठिपका गोलाच्या बरोबर मध्यावर होता. आम्ही 'थि' लिहिलं आणि त्याभोवती चौकटी कंस घातला. चौकटी कंस म्हणजे वाचन संभवनीय, पण खात्रीचं नाही.

तिसऱ्या तुकड्यातलं दुसरं अक्षर सर्वांत अवघड. त्याच्या आधीचं सोपं होतं: गोलावर उभी दांडी म्हणजे 'व', त्याला इकार: 'वि'. पुढे इतरांपेक्षा बरंच उंच काहीतरी होतं, म्हणूनच एका गटाने त्याची दोन अक्षरं केली होती. ब्राह्मीत जोडाक्षरं एकाखाली एक लिहितात: आधी उच्चारायचं व्यंजन वर, नंतरचं त्याच्या खाली चिकटून. ओळीत एखादं अक्षर खाली लोंबत असेल तर आधी जोडाक्षराची शंका घ्यावी. 'वि...दतस' एवढं दिसल्यावर दोन-तीन मुलं 'विष्णुदत्त' म्हणून ओरडली. उत्तर जवळचं होतं, पण तेव्हा मी ते फळ्यावर लिहू दिलं नाही. अंदाजाने नाव भरलं की मग डोळ्याला दगडावर तेच दिसू लागतं. वरचा भाग पुन्हा पाहिला: उभी दांडी, वर आणि खाली आडव्या रेघा, म्हणजे 'ण'. त्याला खालून जोडलेला, उजवीकडे रेघ गेलेला 'ह'. आणि सगळ्यात तळाशी उकार. ण्हु. विण्हुदतस.

संस्कृतातला 'ष्ण' प्राकृतात 'ण्ह' होतो; कृष्णाचा कण्ह होतो तसाच. म्हणजे मुलांचा अंदाज खरा, पण दगडावरचं रूप वेगळं. दगडावर 'ष' नाहीच. अर्थाच्या ओळीत विष्णुदत्त असं लिहायचं, वाचनाच्या ओळीत विण्हुदत. वाचन आणि अर्थ या दोन वेगळ्या ओळी ठेवल्या नाहीत तर पुढचा वाचणारा फसतो.

वहीत शेवटी असं उतरलं: 'महार[थि]स कोसिकिपुतस विण्हुदतस देयधम पोढि'. अर्थ: महारथी, कोसिकीचा पुत्र विष्णुदत्त याचं धर्मदान, पाण्याचं टाकं.

यानंतरच छापील वाचन उघडलं. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख १८८१ साली एकत्र प्रसिद्ध केले. भाजे त्यात आहे. आधी ते उघडलं असतं तर आमच्या रेखाटनाला काही किंमत उरली नसती, कारण छापलेली रेघ फोटोत आपोआप दिसू लागते. ताळा जमला. गोलाचं वाचन 'थ' असंच निघालं. कोसिकी मधली 'की' ऱ्हस्व की दीर्घ, एवढी एक शंका आमच्या बाजूने राहिली. ब्राह्मीत ऱ्हस्व इकाराची खूण एका टोकाची असते, दीर्घाला आणखी एक टोक निघतं. आमच्या फोटोत त्या जागी खडकाचा टवका उडाल्यासारखं दिसतं. शब्द म्हणून कोसिकी दीर्घच हवी, पण शब्द कसा हवा आणि दगडावर काय आहे हे दोन प्रश्न आहेत. रेखाटनात ते टोक तुटक ठेवलं आहे.

अर्थ लागल्यावर मुलं जास्त विचारू लागतात, आणि इथेच लेखात नसलेल्या गोष्टी लेखाच्या माथी मारल्या जातात. लेखात राजाचं नाव नाही, साल नाही. महारथी ही सातवाहन काळातली मोठ्या अधिकाराची पदवी. शेजारच्या कार्ल्यालाही गोतीपुत्र अग्निमित्रणक नावाच्या महारथीने सिंहस्तंभ दिल्याचा लेख आहे. म्हणून विण्हुदत हा त्याच थरातला माणूस असावा, एवढं म्हणता येतं. ते दोघे नातेवाईक होते असं म्हणता येत नाही. "महारथी म्हणजे महाभारतातला का, बाई?" याचं उत्तर नाही असं आहे, इथे ती पदवी आहे. विष्णूचं नाव धारण करणारा माणूस बौद्ध भिक्खूंना टाकं देतो, ही गोष्ट मुलांना फार नवलाची वाटली आणि ती आहेच. पण त्यावरून तो कुणाची पूजा करत होता हे ठरवता येत नाही. नाव आईवडलांनी ठेवलेलं असतं, टाकं त्याने स्वतः दिलं. काळ ठरवायचा तर अक्षरांच्या वळणावरून, आणि त्यातून शतकाचा अंदाज येतो, वर्ष कधीच नाही. मोबाइलवरच्या चार फोटोंवरून तोही करू नये. त्यासाठी ठशांशी आणि काळ ठाऊक असलेल्या लेखांशी एकेक अक्षर ताडून बघावं लागतं.

टाक्याच्या आतल्या भिंतीवर आणखी काही आहे असं एका मुलीचं म्हणणं होतं. तिच्या फोटोतल्या रेघा आम्ही त्याच पद्धतीने तपासल्या. उजेड बदलला तरी सावली बदलली नाही आणि एकही रेघ दुसऱ्या रेघेसारख्या रुंदीची नव्हती. ते पाण्याचे ओघळ होते, आणि वहीत तसंच लिहिलं आहे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गाला पुन्हा तिथे अक्षरं शोधत बसावं लागणार नाही.